कंदील अडखळतो कुठे?

सोशल मीडियासाठी अखंड फिरणारा आकाशकंदील बनवायचा आहे असं धरा. सेकंदाला 24 फ्रेम, लांबी 2 सेकंद, म्हणजे एकूण 48 फ्रेम. बहुतेक जण पहिल्या फ्रेमवर 0 अंश आणि 48 व्या फ्रेमवर 360 अंश ठेवतात. घोटाळा इथेच होतो. 0 आणि 360 अंशांचं चित्र एकच असल्यामुळे ते लागोपाठ दोनदा दिसतं आणि दर फेरीला कंदील किंचित अडखळतो. म्हणून 360 अंशांची की-फ्रेम 49 व्या फ्रेमवर ठेवायची आणि रेंडर मात्र 1 ते 48 एवढंच करायचं.

तरीही कंदील सांध्यावर मंदावत असेल, तर दोष वेगाचा आहे. ब्लेंडर आपणहून हालचालीची सुरुवात आणि शेवट हळुवार करतं. तिथे इंटरपोलेशन Linear करावं.

खालच्या झिरमिळ्यांचा हिशेब वेगळा. त्यांचा एक पूर्ण झोका 24 किंवा 16 फ्रेमचा असेल तर तो 48 मध्ये नेमका बसतो. 20 फ्रेमचा असेल तर झोका मध्येच तुटतो आणि झिरमिळ्या उडी मारतात. त्यामुळे आधी लूपची लांबी ठरवावी, मग हालचाली. शेवटी व्हिडिओ एकदाच पाहून पोस्ट करू नका. सलग दहा-बारा फेऱ्या चालू द्या आणि फक्त सांध्यावर लक्ष ठेवा.