फोन १२० हर्ट्‌झचा, मग गेममध्ये ९० का दिसत नाही?

नवा फोन घेतला, खोक्यावर ‘१२० हर्ट्‌झ’ असं ठळक छापलेलं आहे. बीजीएमआय उघडून सेटिंगमध्ये पाहावं, तर फ्रेम रेट ६० वरच थांबलेला. मित्राचा फोन याहून स्वस्त, पण त्यावर ९० चा पर्याय दिसतो. फोन खराब निघाला की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा फोन ठणठणीत असतो. पर्याय दाखवायचा की नाही, हे गेमने एका यादीवरून ठरवलेलं असतं.

खोक्यावरचा आकडा पडद्याचा असतो. पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो, एवढंच तो सांगतो. तितकी चित्रं तयार करून देणं हे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचं काम. ६० फ्रेमसाठी प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९० साठी ११.१ आणि १२० साठी फक्त ८.३. एवढ्या वेळात इतर खेळाडू कुठे आहेत, गोळी कुणाला लागली हे ठरवून सगळं दृश्य रंगवायचं असतं. म्हणूनच बीजीएमआयमध्ये चित्राचा दर्जा आणि फ्रेम रेट एकमेकांना बांधलेले आहेत. ग्राफिक्स ‘एचडीआर’वर असताना वरचे फ्रेम रेट दिसत नाहीत, आणि ‘स्मूद’ निवडलं की तेच पर्याय उघडतात. यादीला दोष देण्याआधी हे करून पाहावं. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

‘स्मूद’वरही ९० दिसत नसेल, तर मात्र मामला यादीचा. गेम सुरू होताना फोनला काही गोष्टी विचारतो: मॉडेलचा क्रमांक काय, ग्राफिक्स चिप कोणती, अँड्रॉइड कोणतं. बीजीएमआय ज्या अनरियल इंजिनवर बांधला आहे, त्यात या उत्तरांवरून फोनची प्रतवारी करण्याची सोय मुळातच आहे. नियम एकाखाली एक लिहिलेले असतात. गेम वरून खाली वाचत जातो आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल, तो त्या फोनला लागू होतो. एखाद्या ठरावीक मॉडेलसाठी लिहिलेला नियम वर ठेवतात, एका जातीच्या सगळ्या चिपसाठीचा नियम त्याच्या खाली, आणि काहीच जुळलं नाही तर सर्वात सावध नियम.

गडबड कशी होते, ते एका खऱ्या फोनवरून पाहू. पोको एक्स३ प्रो २०२१ मध्ये आला. पडदा १२० हर्ट्‌झचा, चिप स्नॅपड्रॅगन ८६०. पण गेमला ‘पोको’ हे नाव दिसत नाही. त्याला दिसतो मॉडेल क्रमांक: भारतातल्या फोनचा `M2102J20SI`, बाहेरच्या देशांतल्या फोनचा `M2102J20SG`. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. आता समजा, एखाद्या गेमच्या यादीत फक्त `G`चा क्रमांक आहे आणि तो तंतोतंत जुळायला हवा, अशी अट आहे. मग भारतातला फोन तो नियम चुकवून खाली घसरतो आणि चिपच्या नियमाशी येऊन थांबतो. तिथे ग्राफिक्स चिपचं नाव वाचलं जातं, `Adreno (TM) 640`. हीच ग्राफिक्स चिप २०१९ च्या स्नॅपड्रॅगन ८५५ मध्येही आहे, आणि ती चिप असलेल्या वनप्लस ७ किंवा रेडमी के२० प्रोचे पडदे ६० हर्ट्‌झचे. त्या सगळ्यांना मिळून एकच नियम लिहायचा, तर निर्माता ६० च लिहिणार. अशा वेळी आपल्या हातात १२० हर्ट्‌झचा पडदा असूनही गेम त्याला जुन्या भावंडांच्या रांगेत बसवतो. नुकत्याच बाजारात आलेल्या फोनचं तर यादीत नावच नसतं.

मग गेमने प्रत्येक फोनची क्षमता तिथल्या तिथे मोजून का पाहू नये? काही गेम सुरुवातीला छोटी चाचणी घेतातही. अडचण उष्णतेची आहे. थंड फोन पहिली काही मिनिटं ९० फ्रेम सहज देतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो तापतो, आतली यंत्रणा चिपचा वेग कमी करते, आणि ऐन मोक्याच्या क्षणी चित्र अडखळू लागतं. एकाच चिपचे दोन फोनही इथे वेगळे वागतात, कारण एकात उष्णता पसरवणारी पट्टी मोठी असते, दुसऱ्यात लहान. हे कळायला तो फोन हातात घेऊन सलग खेळावं लागतं. मॉडेल यादीत टाकणं म्हणजे हा फोन एवढा भार पूर्ण सामनाभर पेलेल, अशी हमी देणं. माझ्या मते ही सावधगिरी रास्त आहे.

पडद्याचा स्वतःचाही एक अडसर असतो. १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर ६० फ्रेम अगदी नीट बसतात: प्रत्येक चित्र दोनदा. ९० मात्र बसत नाहीत. चार वेळच्या बदलात तीन चित्रं मावतात, म्हणजे दोन चित्रं ८.३ मिलिसेकंद आणि तिसरं १६.७ मिलिसेकंद दिसतं. आकडा ९० असूनही हालचाल किंचित खडबडीत वाटते. पडदा स्वतः ९० हर्ट्‌झवर उतरू शकत असेल, तरच हे टळतं.

यादी नेहमी फक्त तांत्रिक कारणांनीच ठरते असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पबजी मोबाइलचा ९० फ्रेमचा पर्याय महिनाभर केवळ वनप्लसच्या काही फोनांना देण्यात आला होता. तेवढ्याच ताकदीचे इतर फोन बाजारात होते. त्यांना थांबावं लागलं ते व्यापारी करारामुळे. भारतात तर २ सप्टेंबर २०२० ला त्या गेमवर बंदीच आली. असे करार ग्राहकावर अन्याय करणारे आहेत, कारण सेटिंगच्या पडद्यावर ‘तुमच्या फोनला जमणार नाही’ आणि ‘तुम्हाला द्यायचं नाही’ या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

यावर उपाय म्हणून ‘जीएफएक्स टूल’सारखी अ‍ॅप्स फिरतात. काही गेमची सेटिंगची फाइल बदलतात. फोन रूट केलेला असेल तर मॉडेल क्रमांकच खोटा सांगता येतो. पर्याय दिसू लागतो, पण चिप तीच राहते आणि फोन तसाच तापतो. शिवाय अशी साधनं वापरल्याबद्दल खातं बंद होऊ शकतं आणि रूट केलेल्या फोनवर बँकेची अ‍ॅप्स अडून बसतात.

त्यापेक्षा क्रमाने तपासा. ग्राफिक्स ‘स्मूद’वर आणा, फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट जास्तीत जास्त ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा, गेम अपडेट करा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. गेम चालू असताना तिथे ६० दिसलं, तर कदाचित तुमचा फोनच त्या गेमला ६० वर रोखतो आहे, कारण काही फोन कंपन्यांच्याही अशा स्वतःच्या याद्या असतात. १२० दिसलं आणि पर्याय तरीही नसेल, तर कारण गेमच्या बाजूला आहे. तेव्हा गेममधल्या मदत विभागात तक्रार करा आणि तिच्यात ‘अबाउट फोन’मधला पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहा, अँड्रॉइडची आवृत्तीही लिहा. नुसतं फोनचं नाव लिहिलेल्या तक्रारीवरून यादीत नेमकी कुठली ओळ घालायची हे कुणालाच कळत नाही. आणि फोन अजून घ्यायचाच असेल, तर तोच फोन वापरणाऱ्या कुणाच्या तरी हातात तुमचा गेम उघडून सेटिंग पाहा, मगच पैसे द्या.