रात्रीचा ठकठकणारा पाइप

काकू, रात्री अकरानंतर भिंतीतून ठकठक येते ती तुमच्या मोरीतल्या नळामुळे. काल तुम्ही माझ्या सांगण्यावरून घरातला मेन कॉक बंद केलात आणि आवाज थांबला. तो उघडून मोरीचा नळ बारीक सोडताच पुन्हा सुरू झाला.

नळातला रबरी वॉशर झिजून सैल झालाय. बारीक धारेत तो थरथरतो, वाट क्षणोक्षणी मिटते-उघडते आणि प्रत्येक वेळी अडलेल्या पाण्याचा दणका पाइपला बसतो. पाइपाची क्लिप ढिली असेल तर तो भिंतीवर आपटतो. रात्री इतरांचे नळ बंद असल्याने दाब वाढतो, म्हणून दिवसा एवढं जाणवत नाही.

मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, पान्याने वरचा भाग काढा. वॉशरवर गोल चर पडलेला दिसेल. तो दुकानात दाखवूनच नवा आणा. अर्ध्या इंची नळाचा वॉशर अगदी स्वस्त असतो. बसणीची पितळी कड खरबरीत असेल तर मात्र नवा वॉशरही टिकणार नाही. मग प्लंबर बोलवा. तोवर रात्री बादली भरताना नळ पूर्ण सोडा.