शारजाहून पुण्यात घर घेताना: एजंटाला जाणारी पहिली ई-मेल

‘कोथरूडच्या आसपास दोन बीएचके हवा, बजेट एक-सव्वा कोटी, डिसेंबरात येतोय, चांगले पर्याय पाठवा.’ परदेशातल्या मराठी कुटुंबाकडून पुण्यातल्या एजंटाकडे अनेकदा एवढीच मागणी जाते. उत्तरादाखल मोबाइलवर फोटोंचा पाऊस पडतो. डिसेंबरात दहा घरं बघून होतात, सुट्टी संपते आणि व्यवहार लटकतो. दोष सगळा एजंटाचा नसतो. सव्वा कोटीत काय काय धरलं आहे, डिसेंबरात घर फक्त बघायचं की नोंदणीही करायची, आणि कोणत्या बाबतीत तडजोड चालणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको शारजात नोकरीला आहेत. सांगलीत राहणाऱ्या आईवडिलांना त्यांना पुण्यात आणायचं आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. आधी कुणीतरी राहून गेलेला, म्हणजे रीसेलचा फ्लॅट त्यांना चालेल. अशा कुटुंबाच्या मेलमधला बजेटचा परिच्छेद असा असावा:

‘आमचं एकूण बजेट १ कोटी २० लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, आपली दलाली, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क आणि वकिलाची फी त्यातच धरली आहे. दुरुस्ती आणि फर्निचरसाठी ८ लाख बाजूला ठेवले आहेत. त्यामुळे करारातली किंमत १ कोटीच्या वर जाणारी घरं कृपया पाठवू नयेत.’

एजंट ‘बजेट’ म्हणजे घराची किंमत समजतो, तर घेणारा खिशातून जाणारे एकूण पैसे. या दोन आकड्यांमधलं अंतर मोठं आहे. पुणे शहरात १ कोटीच्या घरावर मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ७ लाख होतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क ३० हजारांच्या वर जात नाही. दलाली दोन टक्के ठरली तर जीएसटी धरून २ लाख ३६ हजार, आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. एवढ्यातच किमतीवर जवळपास १० लाख चढतात. बांधकाम सुरू असलेलं घर घेतलं तर ५ टक्के जीएसटीही लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो लागत नाही.

कर्ज काढणार असाल तर तेही याच परिच्छेदात लिहावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ कोटीच्या घराला ७५ लाखांच्या पुढे कर्ज मिळत नाही, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे या कुटुंबाला ४३ ते ४५ लाख स्वतःचे उभे करावे लागतील. आकडा रुपयांतच द्यावा. पाच लाख दिरहम बाजूला ठेवले आणि दर एका रुपयाने हलला, तर बजेट पाच लाखांनी बदलतं.

दुसरा परिच्छेद वेळेचा. तो शेवटच्या तारखेपासून उलटा लिहायचा.

‘आम्ही १२ ते २८ डिसेंबर पुण्यात आहोत. २६ तारखेपर्यंत खरेदीखताची नोंदणी व्हावी, अशी इच्छा आहे. म्हणून १५ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त सहा घरांची माहिती आणि व्हिडिओ पाठवावेत. त्यातली तीन घरं माझा भाऊ प्रत्यक्ष बघेल. निवडलेल्या घराची कागदपत्रं ५ नोव्हेंबरपर्यंत आमच्या वकिलांकडे पोचावीत. विक्रेता सध्या भारतात राहतो की परदेशात, हे पहिल्याच मेलमध्ये कळवावं.’

शेवटचं वाक्य वरवर किरकोळ वाटतं, पण कित्येक व्यवहार तिथेच अडतात. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाखांची किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. १ कोटीच्या घरावर हे १ लाख होतात आणि ते विक्रेत्याच्या पैशातूनच जातात. विक्रेताही अनिवासी असेल तर मात्र कापायचा कर कितीतरी मोठा असतो. तो कमी व्हावा म्हणून विक्रेत्याला आयकर खात्याकडून प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्यात आठवड्यांमागून आठवडे जातात. डिसेंबरात कळलं तर सुट्टीत नोंदणी होणं अवघड.

दोघांपैकी एकालाच रजा मिळणार असेल, तर दुसऱ्याचं कुलमुखत्यारपत्र आधी तयार हवं. ते याच व्यवहारापुरतं असावं, तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात त्यावर सही व्हावी आणि महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं जावं.

तिसरा परिच्छेद गरजांचा. ‘हवेशीर’, ‘चांगली सोसायटी’ अशा शब्दांनी एजंटाला काहीच गाळता येत नाही. मोजता किंवा तपासता येतील अशाच अटी लिहाव्यात:

‘कार्पेट एरिया किमान ७०० चौरस फूट. लिफ्ट हवी आणि तिला जनरेटरची जोड हवी. इमारतीच्या दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या नकोत. एप्रिल-मेमध्ये सोसायटीला टँकर लागतात का, हे सोसायटीच्या कार्यालयात विचारून कळवावं. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत नको. कोथरूड, कर्वेनगर किंवा वारजे चालेल. मजला आणि दिशा यांबाबत आग्रह नाही.’

कार्पेट एरिया हा शब्द लिहायलाच हवा. नव्या प्रकल्पांत ‘रेरा’ कायद्यामुळे किंमत कार्पेटवर सांगावी लागते, पण रीसेलच्या बाजारात जिने, लॉबी धरून फुगवलेला ‘सेलेबल’ आकडा अजूनही चालतो. कार्पेटवर ३५ टक्के वाढवून १००० चौरस फूट सांगितलेलं घर आतून ७४० भरतं. शेवटचं वाक्यही तितकंच कामाचं आहे. कुठे सूट आहे हे कळलं की एजंट चांगलं घर निव्वळ मजल्यापायी बाजूला ठेवत नाही.

मेलच्या शेवटी पैशांची शिस्त स्पष्ट लिहावी. ‘सूची क्रमांक दोन, आधीच्या व्यवहारांचे करार, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला वकिलांनी बघितल्याशिवाय आम्ही टोकन देणार नाही. सगळी रक्कम आमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट विक्रेत्याच्या खात्यात जाईल.’ अनिवासी भारतीयाला निवासी घर घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही, पण पैसे बँकेमार्फतच द्यावे लागतात. पुढे घर विकून रक्कम परदेशी न्यायची झाली, तर याच नोंदी उपयोगी पडतात.

आता उत्तराकडे बघावं. विचारलेल्या प्रश्नांना ओळीने उत्तरं देणारा, सहाऐवजी तीनच घरं पाठवून ‘तुमच्या अटींत एवढीच बसतात’ असं सांगणारा एजंट हाताशी धरावा. अटी बाजूला सारून १ कोटी १५ लाखांची घरं पाठवणारा आणि ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज पन्नास हजार माझ्या खात्यात टाका’ म्हणणारा एजंट तिथेच सोडून द्यावा. घर नव्या प्रकल्पात असेल, तर एजंटाचा आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर शारजात बसूनही तपासता येतो. तिथे बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवून पहिला हप्ता भरावा.