रेंज नसलेल्या शेतात पानाचा फोटो

उपासाच्या साबुदाण्याचा कंद म्हणजे कसावा. टांझानियात तो उपासाचा नाही, रोजच्या पोटभरीचा आहे. तिथे त्याच्या पानांवर दोन विषाणूजन्य रोग येतात. मोझॅकमध्ये शेंड्याची कोवळी पानं पिवळी-हिरवी चितारल्यासारखी होतात आणि वाकडी वळतात. ब्राऊन स्ट्रीकमध्ये खालच्या जुन्या पानांच्या शिरांलगत पिवळेपणा येतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या झाडाचा कंद आतून तपकिरी, बुचासारखा होतो. दोन्ही रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतात. शिवाय लागवड खोडाच्या तुकड्यांनी होत असल्याने, रोगट झाडाचं बेणं घेतलं की रोग पुढच्या हंगामातही हजर होतो. म्हणून कोणतं झाड रोगट आहे हे शेतातच, बेणं कापण्याआधी कळायला हवं.

त्यासाठी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या ‘प्लांटव्हिलेज’ गटाने आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेच्या (आयआयटीए) साथीने ‘नुरू’ नावाचं अ‍ॅप केलं. त्याची खुबी ही की एकदा उतरवून घेतलं की निदानासाठी इंटरनेट लागत नाही. निदानासाठी कॅमेऱ्याचा फोटो कुठल्याही सर्व्हरकडे पाठवावा लागत नाही, तो हिशोब फोनच्या चिपवरच होतो.

हे साध्या फोनला कसं झेपतं? चित्र ओळखणारं मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांचा ढीग. हजारो फोटो दाखवून ते आकडे जुळवायचं जड काम मोठ्या संगणकावर आधीच उरकलेलं असतं, फोनला फक्त तयार आकडे वापरायचे असतात. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी फोनसाठी ‘मोबाइलनेट’ ही रचना मांडली. तिच्या मूळ रूपात सुमारे ४२ लाख आकडे आहेत. प्रत्येक आकडा नेहमीच्या पद्धतीने ३२ बिटांत ठेवला तर फाइल साधारण १७ एमबीची होते. तोच ८ बिटांत बसवला, म्हणजे दशांशाची बारीक अचूकता सोडून दिली, तर ती चारेक एमबीवर येते आणि ओळखण्यात सहसा थोडाच फरक पडतो. फोटोही आहे तसा वापरत नाहीत. बारा मेगापिक्सेलचं चित्र आधी आकसून बाजूला दोन-तीनशे ठिपक्यांचं केलं जातं. म्हणूनच पान दुरून टिपलं की त्यावरचे डाग या आकसण्यातच पुसले जातात. पान फ्रेमभर हवं, ते यासाठी.

पण फोनवर चालणं आणि शेतात बरोबर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्लांटव्हिलेजचाच आधीचा संग्रह ५४,३०६ फोटोंचा होता. पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून ती टिपलेली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच संग्रहातल्या, मॉडेलने न पाहिलेल्या फोटोंवर अचूकता ९९ टक्क्यांवर गेली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर मात्र ती जेमतेम ३१ टक्के उरली. खऱ्या शेतात पानावर दुसऱ्या पानाची सावली असते, दुपारच्या उन्हाची चकाकी असते, मागे माती आणि तण असतं. कसाव्यासाठी म्हणून टांझानियाच्या शेतांतच, झाडावरच्या पानांचे फोटो काढले गेले. तरीही शेतातल्या चाचणीत पडझड झालीच. मुख्य चूक अशी की रोग असूनही मॉडेलला तो दिसेना. अशी चूक महागात पडते, कारण निरोगी म्हणून सोडलेल्या झाडाचंच बेणं शेतकरी लावतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो संगणकाच्या नव्हे, पिकाच्या जाणकारीतून आला आहे. रोग झाडभर सारखा दिसत नाही, मग निदान एका पानावर का करायचं? समजा शेंड्याच्या तीन पानांपैकी दोन मोझॅक दाखवतात आणि तिसऱ्यावर हिरव्या कोळ्याचे बारीक फिकट ठिपके असल्याचा कौल येतो. कोळीही कोवळ्या पानांवरच येतो, त्यामुळे ही गफलत ठरलेली. आणखी तीन पानं पाहिली आणि ती वेडीवाकडी, चितारलेली निघाली, तर झाडाचं उत्तर मोझॅक. २०२० च्या एका अभ्यासात एका पानावर नुरूची अचूकता ६५ टक्के होती, झाडाची सहा पानं पाहिल्यावर ती ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच अभ्यासात शेती विस्तार कर्मचारी ४० ते ५८ टक्के आणि शेतकरी १८ ते ३१ टक्के बरोबर ठरले.

वापरणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. अशा मॉडेलला जे रोग शिकवले, तेवढेच त्याला माहीत असतात. पान अन्नद्रव्याच्या कमतरतेने पिवळं पडलं असेल, तरी ते शिकलेल्यांपैकीच एखादं नाव पुढे करू शकतं, तेही ठामपणे. ओळखायची एक खूण आहे: तेच पान सावलीत धरून, थोडं वळवून, पुन्हा टिपावं. उत्तर दर वेळी बदलत असेल तर ते धरू नये. ब्राऊन स्ट्रीकचा संशय असेल, तर पान काहीही म्हणो, एखादा कंद उकरून आडवा कापून पाहावा. रोग ठरलाच तर फवारणीने विषाणू जात नाही. झाड उपटायचं आणि बेणं निरोगी झाडांचंच घ्यायचं.