माळ्यावरचा डेटा

समजा, एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे शंभर लग्नांचा 5 टीबी ऐवज साठला आहे. अल्बम देऊन झाले, पण मूळ फोटो आणि व्हिडिओ टाकवत नाहीत. ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेहमीच्या साठवणीत हे ठेवायला महिन्याला साधारण 115 डॉलर पडतात. त्याच कंपनीच्या ‘ग्लेशियर डीप अर्काइव्ह’मध्ये फक्त 5 डॉलर. (हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्राचे दर, मुंबईचे वेगळे.)

ही स्वस्ताई म्हणजे घरातला माळा. वस्तू सुरक्षित असते, पण हाताशी नसते. यादीत फाइलचं नाव दिसतं, उघडायला गेलं की `InvalidObjectState` असा नकार येतो. आधी मागणी नोंदवायची, मग साध्या मार्गाने 12 तासांत, स्वस्त मार्गाने 48 तासांत तात्पुरती प्रत मिळते. ती किती दिवस ठेवायची ते आपण सांगायचं; तेवढ्या दिवसांचं भाडं नेहमीच्या दराने.

आता सगळा ऐवज परत घरी आणायचा झाला तर? स्वस्त मार्गाने माळ्यावरून उतरवायला साडेबारा डॉलरच लागतात. खरा खर्च क्लाउडमधून बाहेर नेण्याचा: जीबीला 9 सेंट, म्हणजे जवळपास 440 डॉलर. सात वर्षांहून अधिक काळाच्या भाड्याइतका! 2024 पर्यंत कंपनी बदलायचं ठरवलं तरी हाच आकडा आडवा येत असे.

पण एकाच जोडप्याने अल्बम हरवला म्हणून फोटो मागितले तर लागतात जेमतेम 50 जीबी. ते उतरवायला काही सेंट, आणि महिन्याला 100 जीबीपर्यंत बाहेर नेणं फुकट. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक लग्न, एक झिप. सुट्या दहा लाख फोटोंना चढवण्याचेच 50 डॉलर पडतात, कारण पैसे नगावर आहेत. शिवाय प्रत्येक नगामागे 40 केबीचा जादा भार मोजला जातो. उलट पाच वर्षांचं एकच भलंमोठं गाठोडं केलंत, तर एका लग्नासाठी सगळंच उतरवावं लागेल. जे जसं मागितलं जाईल, तसंच बांधावं.

अजून संपादन चालू असलेलं लग्न इथे ठेवू नये. किमान 180 दिवसांचं भाडं लागतंच. आधी पुसलं तरी उरलेले दिवस बिलात येतात. उद्या सकाळी दुकान चालू राहण्यासाठी जी हिशेबाची फाइल लागते, तिचा एकमेव बॅकअपही इथे नको, कारण संकटात दोन दिवस थांबता येत नाही.

कोणत्या झिपमध्ये कोणाचं लग्न, ही यादी स्वतःच्या संगणकावर ठेवा. आणि घरची मूळ डिस्क पुसण्याआधी एक झिप परत मागवून, उघडून पाहा.