सावित्रीत, समुद्रावर आणि पूलवर: पायात नक्की काय घालायचं?

मागच्या भागानंतर पोलादपूरच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. प्रश्न साधा होता. कॉलेजचा ग्रुप रविवारी आधी नदीवर आणि मग हरिहरेश्वरला जाणार. एकाकडे स्लाइड्स आहेत, दोघांकडे नेहमीच्या अंगठ्याच्या स्लिपर आहेत, आणि एक जण ऑनलाइन वॉटर शूज मागवू का म्हणून विचारतोय. तर पाय सगळ्यात जास्त कशाने वाचतात? आजचा भाग यावरच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी तो थोडा नीट करून इथे लिहिलाय.

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि त्याचं कारण आपली सावित्रीच आहे. महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरला खाली उतरते, महाडवरून पुढे जाते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. नदी एकच, पण तळ तीन प्रकारचा. वर गोल गुळगुळीत धोंडे, मध्ये गाळ आणि चिखल, आणि शेवटी समुद्रकाठचा धारदार खडक. पायाला इजा करणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

आधी पोलादपूरची बाजू घेऊ. पाऊस ओसरल्यावर पाणी गुडघ्याएवढं असतं, वरून अगदी निर्धास्त दिसतं. तळाला धोंडे, आणि धोंड्यांवर शेवाळाचा पातळ थर. इथे स्लाइड्स घालून उतरलात तर घसरायला एक नाही, दोन जागा तयार होतात. पहिली, सोल आणि दगड यांच्यामधली. ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी जागा म्हणजे तुमचा ओला तळवा आणि स्लाइडचा वरचा भाग. तिथे पाणी शिरलं की पाय चपलेच्या आतच पुढे सरकतो. वरून एकच रुंद पट्टा, टाचेला काहीच धरून नाही. म्हणजे सोलने दगड घट्ट पकडला तरी तुम्ही चपलेतून बाहेर पडता! घोटा मुरगळतो तो बहुतेक इथेच.

अंगठ्याची स्लिपर याबाबतीत थोडी बरी, कारण अंगठा आणि शेजारचं बोट मिळून तिला धरून ठेवतात. पण किती वेळ? वाहत्या पाण्यात पाऊल उचललं की सपाट सोलवर पाण्याचा दाब येतो, आणि टाचेकडची बाजू पाण्यात पंख्यासारखी फडफडते. मग एक तर पट्ट्याचं बूच सोलमधून उपटून येतं, नाहीतर चप्पल पायातून निघून तरंगायला लागते. या चपला हलक्या फोमच्या असतात, त्यामुळे त्या बुडत नाहीत. आणि खरा धोका इथेच आहे. चप्पल वाहायला लागली की माणूस विचार न करता तिच्यामागे दोन पावलं टाकतो. पुढचं पाऊल डोहात पडतं. कुठल्याही नदीकाठच्या गावात विचारा, अशी एखादी गोष्ट ऐकायला मिळेल. ग्रुपमध्ये आधीच ठरवून टाका, गेलेली चप्पल गेली.

मग नदीत काय घालायचं? टाचेमागे पट्टा असलेली, बक्कल किंवा वेल्क्रोने घट्ट बसणारी सँडल. नाहीतर जरा जाड सोलचे वॉटर शूज. जूनच्या सुरुवातीला बाजारात ज्या पावसाळी प्लास्टिकच्या सँडल लागतात त्या टाचेला धरून बसतात, हा त्यांचा मोठा गुण. पण कडक प्लास्टिक ओल्या दगडावर काचेसारखं सरकतं. रबर मऊ असेल तर ते दगडाच्या बारीक खाचांत दबून बसतं, कडक प्लास्टिक वरच्यावर टेकतं. दुकानात हे तपासणं सोपं आहे. सोलवर थोडं पाणी टाका, गुळगुळीत फरशीवर दाबून पुढे ढकला. सहज सरकली तर नदीत तिचा उपयोग नाही.

आणि हो, शेवाळावर कुठलंच बूट जादू करत नाही. शेवाळाचा थर दगड आणि सोल यांच्यामध्ये तेलासारखा बसतो, सोल दगडापर्यंत पोचतच नाही. म्हणून हिरव्या-काळ्या चकचकीत धोंड्याच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही, दोन धोंड्यांच्या मधल्या वाळूत किंवा खडीत द्यायचा.

आता थेट हरिहरेश्वर. इथे मंदिरामागून प्रदक्षिणेची वाट खाली समुद्राला लागून जाते. ओहोटीलाच जाता येईल अशी ती वाट आहे, भरती आणि लाटा बघून, स्थानिकांना विचारूनच उतरायचं. हे चपलांच्या आधी येतं. तो खडक लाटांनी पोखरलेला आहे, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात त्याला कालवं आणि बारीक शिंपल्यांचे कवच चिकटलेले असतात. कालवांची कड म्हणजे पातळ ब्लेडच. अनवाणी माणूस घसरला की नुसता तळवा नाही, पायाची बाजू, घोटा, तोल सावरायला टेकवलेला हात, सगळं कापतं.

इथे वॉटर शूज सरळ जिंकतात, आणि कारण सोल नाही. कारण हे की ते पाय चारही बाजूंनी झाकतात. स्लाइड आणि स्लिपर फक्त खालून वाचवतात. खडकावर बऱ्याच जखमा बोटांना आणि बाजूला होतात, तिथे त्या उघड्याच. पण वॉटर शूजच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे लक्षात घ्या. एक म्हणजे मोज्यासारखे, खाली पातळ रबराचे ठिपके असलेले. ते पूलला आणि वाळूला ठीक. कालवांवर ते फाटतात, आणि खिळा किंवा काटा आला तर आरपार जातो. दुसरे खरे बुटासारखे: तळाला दाट रबर, पुढे बोटांवर रबराची टोपी, सोलला पाणी निघायला भोकं. ओळखायचे कसे? अंगठ्याने सोल मधोमध जोरात दाबा. दुसऱ्या बाजूला आतून बोट ठेवलंय तिथे दाब टोचल्यासारखा जाणवला तर तो मोज्याचा प्रकार.

मापाचं एक सांगतो. ताणणारं कापड पाण्यात आणखी सैल होतं. त्यामुळे दुकानात कोरडा बूट नेहमीच्या बुटापेक्षा किंचित घट्ट वाटायला हवा, पण बोटं दुमडता कामा नयेत. सैल बुटात वाळू शिरते, आणि ओल्या कातडीवर वाळू म्हणजे पॉलिश पेपर. तासाभरात टाचेवर फोड.

तरीही कापलंच, तर? आधी स्वच्छ पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, कवचाचे कण राहिले तर काढा, समुद्राच्या पाण्याने धुतलं म्हणजे झालं असं समजू नका. उबदार खाऱ्या पाण्यात जखमेत शिरून झपाट्याने वाढणारे जंतू असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा, आठवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या एक-दोन दिवसांत लाली पसरत गेली, सूज वाढली, ताप आला तर थांबू नका. घरातल्या मधुमेही माणसांबद्दल तर खास सांगायचंय. बऱ्याच जणांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. बाबा किंवा काका वाळूवर अनवाणी चालतात, शिंपला घुसतो, कळतच नाही. दुपारची तापलेली वाळू भाजते तेही कळत नाही. त्यांना समुद्रावर अनवाणी चालू द्यायचं नाही आणि स्लाइड्सही नकोत. झाकलेले बूट घाला आणि परतल्यावर दोन्ही तळवे स्वतः बघा, बोटांच्या मध्येसुद्धा.

वाळूच्या किनाऱ्यावर, म्हणजे श्रीवर्धन-दिवेआगरसारख्या, पाण्याबाहेर काहीही चालतं. पाण्यात पाकट माशाची भीती असते. तो वाळूत दबून बसतो आणि अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. पातळ बुटातून तो काटा जातो. तिथे बुटांपेक्षा चाल महत्त्वाची: पाय उचलून न टाकता वाळूतून घासत पुढे न्या, म्हणजे मासा आधीच निघून जातो.

पूलचं गणित उलटं आहे. तिथे धारदार काही नाही, धोका ओल्या फरशीचा आणि बुरशीचा. पूलच्या कडेची, शॉवरची, चेंजिंग रूमची जमीन सतत ओली असते आणि शेकडो उघडे पाय तिथून जातात. चिखल्या होतात त्या बुरशीला अशी जागा फार आवडते, पायाच्या मशांचे विषाणूही तिथूनच मिळतात. इथे स्लाइड्स उत्तम. घालायला-काढायला सोप्या, लवकर वाळतात, आणि बोटांच्या मध्ये पट्टा नसल्यामुळे आधीच चिखल्या झालेल्यांना घासत नाहीत. फक्त त्या घालून पळायचं नाही. वॉटर शूज मात्र पूलच्या बाहेर तासन्‌तास ओले घालून बसलात तर चिखल्यांना तुम्हीच घर देताय. आणि दुसऱ्याची स्लाइड पाच मिनिटांसाठीसुद्धा घालू नका, मित्र कितीही जवळचा असो.

राहिला मधला टप्पा, आपलं महाड. जुलै २०२१ च्या पुरानंतर गाळ काढायला किती पोरं स्लिपर घालून उतरली होती हे इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाळात फुटक्या काचा, पत्रे, खिळे. आणि पुराच्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं, म्हणजे लेप्टोचा धोका. लेप्टोचे जंतू छोट्या खरचटल्यातून, किंवा तासन्‌तास भिजून पांढऱ्या पडलेल्या कातडीतून आत जातात. आता बघा, वॉटर शूजची भोकं पाणी बाहेर सोडतात तशीच आतही घेतात. खडकावर जो गुण होता तोच इथे दोष. पुराच्या पाण्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, बाकी तिन्ही प्रकार बाद. गमबुटात वरून पाणी शिरलं तर तेही काढून ओतायचं. साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे न विसरता सांगायचं. गोळ्या स्वतःच्या मनाने नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

तर पोलादपूरच्या त्या ग्रुपसाठी: स्लाइड्स गाडीत राहू द्या, परत येताना घालायला. स्लिपरवाल्या दोघांनी नदीकाठापर्यंतच यायचं, नाहीतर टाचेच्या पट्ट्याची सँडल आणायची. आणि वॉटर शूज मागवणाऱ्याने फोटोत सोलची खालची बाजू आणि बोटांवरची रबरी टोपी दिसतेय का बघून मगच ऑर्डर करायची. घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन, आतलं पॅड काढून सावलीत वाळवायचे. कडक उन्हात ठेवले की सोलचा गोंद सुटतो आणि पुढच्या ट्रिपला पाण्यात सोल वेगळा, बूट वेगळा.