आधी काम सांगा, मग मेल पुढे ढकला

पुण्यातल्या एका सात मजली सोसायटीची लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. वर जाताना घरघरते, चौथ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. सचिवांनी लिफ्ट कंपनीला मेल केली, कंपनीने तपासणी करून अहवाल पाठवला. मग दरपत्रक आलं, घासाघीस झाली, सुधारित दरपत्रक आलं, जुने दोर कोण उचलणार यावर चर्चा झाली. तीन आठवड्यांत ११ मेल. आता काम सुरू करायला आगाऊ रक्कम द्यायची आहे. या सोसायटीच्या बँक खात्यात पद्धत अशी की पेमेंट सचिवांनी टाकायचं आणि खजिनदारांनी आपल्या मोबाइलवरून मंजूर करायचं. खजिनदार काका महिनाभर मुलीकडे बंगळुरूला आहेत. सचिव शेवटची मेल उघडतात, Forward दाबतात आणि वर लिहितात: "काका, FYI. Please see trailing mail and do the needful."

मेल मिळते, उघडलीही जाते, आणि तीन दिवस काहीच होत नाही.

यात काकांचा आळस शोधू नका. त्यांना मोबाइलवर दिसलं काय, ते बघा. मेलच्या यादीत पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय म्हणून "Fwd: Re: Re: Lift noise", आणि त्याखाली मजकुराची सुरुवात, जितकी मावेल तितकी. त्या ओळीत लिफ्टचा आवाज आहे, FYI आहे, पैशाचा पत्ताच नाही. आवाजाची तक्रार काकांना महिन्यापासून माहीत आहे. त्यांनी मेल उघडली, अंगठ्याने थोडी वर सरकवली, कोणीतरी कोणाला तरी "Dear Sir" म्हणतंय हे पाहिलं आणि संध्याकाळी सावकाश वाचू म्हणून बाजूला ठेवली. शिवाय मेलच्या साखळीत नवं वर आणि जुनं खाली असतं, म्हणजे गोष्ट कळायला तळापासून वर वाचत यायचं. पाच इंचांच्या पडद्यावर ते कोण करणार?

आपल्याकडे ही सवय कागदी फायलीतून आली असावी असं मला वाटतं. सरकारी टिपणीत आधी विषय, मग संदर्भ, मग पार्श्वभूमी, मग प्रस्ताव, आणि अगदी शेवटी "मान्यतेस्तव सादर". साहेबांना नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असतं. पान समोर पूर्ण उघडं असतं, नजर थेट खालच्या परिच्छेदावर आणि सहीच्या जागेवर जाते. कागदावर ही मांडणी अजिबात वाईट नाही. मेल मात्र वरच्या टोकाने उघडते आणि तळ दिसत नाही. कागदावर जे शेवटी चालून जायचं, ते इथे सगळ्यात वर आणावं लागतं. अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहाराच्या नियमांत मुख्य मुद्दा पत्राच्या सुरुवातीलाच मांडायची सक्ती आहे, आणि तिथे शिस्तीचा मुद्दा असो वा घाईचा, पुढे ढकललेल्या मेलला तो नियम तंतोतंत लागू पडतो.

आता सचिवांची ओळ नव्याने लिहू. पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतील: "लिफ्ट कंपनीने १९ जून रोजी पाठवलेल्या सुधारित दरपत्रकानुसार दोर आणि कंट्रोल पॅनेल बदलण्याच्या कामासाठी ३० टक्के आगाऊ रक्कम देण्यास आपली मंजुरी हवी आहे." माहिती सगळी आली, वाक्य शुद्ध आहे, तरीही काम होणार नाही. कारण मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. काकांच्या मोबाइलवर हे वाक्य "सुधारित दरपत्रकानु…" इथेच तुटणार, आणि "मंजुरी हवी आहे" हे ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते शब्द पडद्याबाहेर राहणार. इंग्रजीत "Please approve" आपोआप पुढे येतं. मराठीत ते मुद्दाम पुढे आणावं लागतं. त्यासाठी वाक्य तोडायचं. आधी काम आणि मुदत यांचं एक छोटं वाक्य, कारण त्याच्या पाठीमागून.

"काका, १,३४,५२० रुपयांचं पेमेंट शुक्रवार, २७ जूनपर्यंत बँकेच्या ॲपवर मंजूर कराल का? लिफ्टच्या दुरुस्तीचा आगाऊ हप्ता आहे."

पहिल्या अर्ध्या ओळीत रक्कम आणि दिवस आला, आणि प्रश्न असा आहे की त्याला "केलं" एवढं उत्तर पुरतं. वडीलधाऱ्या माणसाला थेट काम सांगायचा संकोच आपल्याला असतो, म्हणून आपण "आपल्या सवडीने एक नजर टाकावी" वगैरे लिहितो. पण सवडीने म्हटल्यावर माणूस सवडीनेच बघतो. "कराल का", "संमती कळवावी" या रूपांत मान पुरेसा आहे; त्यासाठी काम लपवायची गरज नाही. नमस्कारही दोन शब्दांत आटपावा, कारण यादीत दिसणाऱ्या तुकड्यात तोही जागा खातो. "सस्नेह नमस्कार, आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे" हे शेवटी लिहिलं तरी प्रेम कमी होत नाही.

त्याखाली तीन-चार वाक्यांत हिशेब द्यायचा. कंपनीने आधी ४,२५,००० सांगितले होते, आता ३,८०,००० वर आले आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी ६८,४०० धरून एकूण ४,४८,४००, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे वरची रक्कम. खर्चाला कमिटीच्या बैठकीत मंजुरी झाली आहे. दर ३० जूनपर्यंतच लागू आहेत; तो सोमवार आहे, म्हणून मी शुक्रवार सांगतोय. मुदतीचं कारण दिलं की ती खरी वाटते. नुसतं "urgent" लिहिलं तर वाटत नाही, कारण ते प्रत्येक मेलवर असतं.

मग एक वाक्य वाचायचं काय याचं: "खालच्या ११ मेलपैकी फक्त १९ जूनची बघा, बाकी वाचल्या नाहीत तरी चालेल." मला वाटतं पुढे पाठवणाऱ्याची खरी मेहनत या वाक्यात आहे, कारण ते लिहायला त्याला स्वतःला सगळी साखळी वाचावी लागते. आणि वाचताना गोष्टी सापडतात. एक नेहमीची: सचिव २३ जूनची शेवटची मेल पुढे पाठवतायत, पण दरपत्रक जोडलेलं आहे १९ च्या मेलला. पुढे पाठवताना जुन्या मेलचा मजकूर खाली येतो, त्यांना जोडलेल्या फायली येत नाहीत. येतात त्या फक्त जी मेल आपण पुढे पाठवतोय तिच्या. काका "कुठे आहे दरपत्रक?" विचारणार आणि आणखी एक दिवस जाणार. तेव्हा फाइल हाताने जोडावी. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. सहाव्या मेलमध्ये सचिवांनी कंपनीला लिहिलं असेल की "आमच्या खजिनदारांना प्रत्येक गोष्ट महागच वाटते." ते वाक्य आता खजिनदारांच्याच हातात चाललंय. नको असलेला भाग कापून टाकावा आणि "मधल्या मेल वगळल्या आहेत" असं लिहावं.

विषयाची ओळही बदलावी. "Fwd: Re: Re: Lift noise" च्या जागी "लिफ्टचा आगाऊ हप्ता: २७ जूनपर्यंत मंजुरी". संगणकावर जीमेल वापरत असाल तर पाठवणाऱ्याच्या चौकटीतल्या बाणावर टिचकी मारून Edit subject निवडता येतं. विषय बदलला की मेल जुन्या धाग्यातून सुटून नवी म्हणून उभी राहते. इथे आपल्याला तेच हवं आहे.

आता यातली एक खरी अडचण. "या तारखेपर्यंत एवढे पैसे मंजूर करा" अशी पहिली ओळ फसवणूक करणारे भामटेही लिहितात, अगदी अशीच. ओळखीच्या नावाने मेल येते, खाली खरा वाटणारा पत्रव्यवहार असतो आणि बँक खात्याचा क्रमांक तेवढा बदललेला असतो. पुढे पाठवलेल्या मेलचा मजकूर कोणालाही हवा तसा बदलता येतो. तो पुरावा नाही. म्हणून पैशाच्या मेलमध्ये आणखी एक वाक्य असावं, पडताळणीचं: "खातं तेच आहे ज्यात आपण एप्रिलमध्ये देखभालीचे पैसे भरले होते." आणि काकांनी मंजुरीआधी सचिवांना फोन करावा, मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे साठवलेल्या नंबरवर. पहिली ओळ नेमकी असली की त्या फोनवर विचारायचं काय तेही नेमकं असतं: रक्कम आणि खातं. धूसर मेलवर फोन केला तर पंधरा मिनिटं लिफ्टच्या आवाजावरच जातात.

एकाच वेळी अनेकांना पाठवायचं असेल तर पहिल्या ओळीत नाव हवंच. कमिटीच्या सात जणांना "कृपया बघा" असं पाठवलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. "काका: पेमेंट मंजुरी. अध्यक्ष: काम चालेल त्या सहा दिवसांची नोटीस लावणे. बाकी सगळे: फक्त माहिती, काही करायचं नाही." शेवटचं वाक्य अनेक जण गाळतात, पण निव्वळ माहितीसाठी पाठवलेल्या मेलमध्येही हेतू सांगावाच लागतो. "काही करायचं नाही, सोमवारी कोणी विचारलं तर उत्तर माहीत असावं म्हणून पाठवतोय" एवढं पुरे. ते नसेल तर सावध माणूस अकराच्या अकरा मेल वाचतो आणि बेफिकीर माणूस एकही वाचत नाही.

कधी कधी असंही होतं की आपल्याला समोरच्याकडून काय हवंय ते आपल्यालाच ठरवता आलेलं नसतं. साखळी गुंतागुंतीची झालेली असते, आणि Forward दाबून तो गुंता दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा मोह होतो. तेव्हाही पहिली ओळ लिहिता येते: "काका, सल्ला हवाय: दोरांसोबत पॅनेलही आत्ताच बदलावं, की पुढच्या वर्षी?" एवढाही प्रश्न तयार होत नसेल तर मेल पाठवण्यापेक्षा फोन उचलावा.

ओळ जमली की नाही ते आलेल्या उत्तरावरून कळतं. "केलं", "नको, आधी दुसरं दरपत्रक मागवा", "शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी सकाळी करतो", ही तिन्ही कामाची उत्तरं आहेत, नकारसुद्धा. "Noted" किंवा नुसता अंगठा आला तर काकांनी मेल पाहिली, पण त्यांना काम दिसलं नाही असं समजावं. मग तीच मेल "Gentle reminder" लिहून पुन्हा ढकलण्यात अर्थ नाही. नवी मेल उघडावी, रक्कम आणि वार वर घ्यावा, दरपत्रक जोडावं आणि त्या ११ मेल यावेळी पाठवूच नयेत.